तक्रार नोंदीचा फॉर्म: कोणते रकाने हवेत, आणि का

शुक्रवारी दुपारी ४ वाजून ५० मिनिटांनी शाळेच्या कार्यालयातला फोन वाजतो. सहावीतल्या एका मुलाचे वडील बोलत असतात. जिन्यावर मोठी मुलं त्रास देतात, वर्गशिक्षकांना सांगून झालं, काही झालं नाही, असं त्यांचं म्हणणं. लिपिक लिहून घेतात: ‘सहावीच्या विद्यार्थ्याला मोठी मुले त्रास देतात. वर्गशिक्षकांना सांगूनही दखल नाही. पालक नाराज.’ सोमवारी फॉर्मवर हाच मजकूर उतरवला जातो आणि कागद नेहमीच्या वाटेने वर्गशिक्षकांकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना होतो.

लिहिलेल्यात खोटं काहीच नाही, पण त्या कागदावरून पुढे काहीही करता येत नाही. कधी घडलं, कुठल्या जिन्यावर, कोणी पाहिलं, यातलं काहीच त्यात नाही. वर ज्यांनी दखल घेतली नाही अशी तक्रार आहे त्यांच्याच हातात तो पडला. दोष लिपिकाचा कमी आणि फॉर्मचा जास्त. नाव, वर्ग, तारीख, ‘तक्रारीचे स्वरूप’ आणि सही, एवढंच त्यावर छापलेलं होतं. माणूस घाईत असला की छापलेलं तेवढंच विचारतो. मनुष्यबळ विभागातही वेगळं काही होत नाही, फक्त ‘वर्गशिक्षक’च्या जागी ‘विभागप्रमुख’ येतो.

हेच प्रकरण हाताशी धरून एकेक रकाना पाहू. प्रत्येकासाठी कसोटी एकच: हा रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या माणसाचं कुठलं काम अडेल? काहीच अडणार नसेल तर तो काढून टाकावा.

क्रमांक

नोंद क्रमांक सगळ्यात आधी टाकायचा, मजकूर लिहायच्या आधी. वर्ष आणि चढता आकडा पुरतो: २०२५/०४७. क्रमांकात वर्ग, विभाग किंवा तक्रारीचा प्रकार घालू नये. लिफाफ्यावर किंवा ईमेलच्या विषयात क्रमांक दिसला की आत काय आहे ते शेजारच्या टेबलालाही कळतं. फॉर्म चुकला तर क्रमांक ‘रद्द’ म्हणून वहीत राहू द्यावा. ०४६ नंतर थेट ०४८ आला, की मधली तक्रार कुठे गेली हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि त्याचं उत्तर देणं फार जड जातं.

चार तारखा

बहुतेक फॉर्मवर ‘दिनांक’ असा एकच रकाना असतो, आणि त्यात कोणती तारीख टाकायची हे भरणारा ठरवतो. तिथेच पहिला गोंधळ होतो. लागतात त्या तारखा चार: प्रसंग घडला ती, तक्रारदाराला तो कळला ती, तक्रार कार्यालयापर्यंत पोहोचली ती (वेळेसकट), आणि फॉर्म भरला ती.

आपल्या प्रकरणात नीट विचारल्यावर त्या अशा निघतात. प्रसंग मंगळवारी ३ तारखेचा. मुलाने घरी सांगितलं बुधवारी ११ तारखेला. फोन आला शुक्रवारी १३ तारखेला. फॉर्म भरला सोमवारी १६ तारखेला. एकच ‘दिनांक: १६’ लिहिला तर दोन गोष्टी बिघडतात. शाळेने किंवा कंपनीने स्वतःला घालून घेतलेली मुदत, मग ती पोच देण्याची असो वा चौकशीची, तक्रार पोहोचल्यापासून मोजायला हवी. इथे ती तीन दिवस उशिरा सुरू होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं म्हणजे, ३ ते ११ मधलं अंतर का पडलं हे कागदावरच दिसत नाही. नंतर कोणीतरी ‘इतके दिवस गप्प का होते?’ असं विचारतं, तेव्हा वडिलांना ११ तारखेपर्यंत काही माहीतच नव्हतं हे उत्तर फॉर्मवर असायला हवं.

तारीख नक्की आठवत नसेल तर दटावून काढून घेऊ नये. दबावाखाली सांगितलेली तारीख चुकीची निघाली, तर पुढे अख्खं म्हणणंच खोटं ठरवलं जातं. म्हणून तारखेशेजारी ‘नक्की / अंदाजे’ अशा दोन चौकटी ठेवाव्यात आणि खाली एक ओळ: ‘त्या दिवसाच्या जवळपास आणखी काय होतं?’ मुलांना ‘किती तारखेला?’ हे सांगता येत नाही, पण ‘गणिताच्या चाचणीच्या दिवशी, मधल्या सुट्टीनंतर’ हे पक्कं आठवतं. चाचणीची तारीख वेळापत्रकात मिळते. नोकरीच्या ठिकाणी पगाराचा दिवस, शिफ्ट बदलली तो आठवडा, एखादी बैठक, अशा खुणा चालतात.

त्रास वारंवार होत असेल तर पहिला प्रसंग, शेवटचा प्रसंग आणि साधारण किती वेळा, असे तीन तुकडे करून विचारावं. ‘नेहमी’, ‘सारखं’, ‘रोजच’ या शब्दांवर फॉर्म थांबू देऊ नये, पण ते खोडूही नयेत. हकीकतीत ते राहू द्यावेत आणि शेजारी शेवटच्या प्रसंगाचा तपशील घ्यावा, कारण पडताळता येतो तो बहुधा तोच.

माणसं

‘तक्रारदार’ आणि ‘ज्याला त्रास झाला तो’ या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. शाळेत तर बहुतेकदा असतातच. दोघांसाठी वेगळे रकाने, आणि मध्ये नातं. इथे वडील तक्रारदार, मुलगा बाधित. हे वेगळं न लिहिल्यामुळे चौकशी करणारा वडिलांनाच ‘तो काय म्हणाला?’ विचारत बसतो, आणि वडील तर तिथे नव्हतेच.

संपर्काच्या रकान्याला एक शेपूट जोडावं: ‘कुठे संपर्क करू नये?’ कर्मचाऱ्याच्या कार्यालयीन ईमेलवर उत्तर धाडलं आणि तो मेलबॉक्स त्याच्या साहेबांचा सहायकही उघडत असेल, तर गुप्तता तिथेच संपते. मुलाच्या वहीत चिठ्ठी लिहून पाठवणं हाही त्यातलाच प्रकार. कोणत्या भाषेत बोलणं सोपं जाईल हेही इथेच विचारून घ्यावं.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव ठाऊक नसलं तरी फॉर्म अडता कामा नये. ‘नाव माहीत नाही’ अशी चौकट आणि खाली वर्णनाला दोन ओळी: कुठल्या वर्गाचा, कोणाबरोबर असतो, कधी दिसतो. नाव ठोकून भरायला लावलं तर लोक अंदाजाने नाव घालतात, आणि त्या मुलाच्या मागे ते उगाच लागतं.

याच ठिकाणी एक रकाना असावा जो फारच थोड्या फॉर्मवर दिसतो: ‘हा कागद ज्यांच्याकडे जाणार आहे, त्यांपैकी कोणाबद्दल यात काही आहे का?’ वडिलांच्या बोलण्यात खरं तर दोन तक्रारी होत्या, एक मोठ्या मुलांच्या वागण्याची आणि दुसरी शिक्षकांनी दखल न घेतल्याची. हा एक प्रश्न विचारला असता, तर कागद वर्गशिक्षकांकडे न जाता वरच्या पातळीवर गेला असता. रकान्याखाली दुसरी वाटही छापलेली हवी: अशा वेळी फॉर्म कोणाकडे द्यायचा, पदाच्या नावासकट. आणि तक्रार खुद्द फॉर्म घेणाऱ्याविरुद्धच असेल तर? मग फॉर्म दुसऱ्याने घ्यायचा, एवढं तरी त्यावर लिहिलेलं असावं.

हकीकत, आणि ‘कसं कळलं’

हकीकतीसाठी निदान अर्धं पान कोरं सोडावं. तीन ओळींची जागा दिली की माणूस तीन ओळींत मावेल तेवढंच सांगतो, आणि मावतं ते फक्त मत: ‘त्रास देतात’, ‘उद्धट वागतात’, ‘अपमान केला’. अशा प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न विचारायचा, ‘म्हणजे नेमकं काय केलं, काय म्हणाले?’ उत्तर जसंच्या तसं लिहायचं. शिवी दिली असेल तर ती शिवी, अवतरणचिन्हांत. ‘अपशब्द वापरले’ असं सोवळं वाक्य लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण पुढे साक्षीदाराचे शब्द त्याच्याशी जुळवून पाहायला काही उरत नाही.

लिपिकाने स्वतःच्या भाषेत सुधारून लिहिणं हा इथला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सभ्य अपराध. ‘सदर विद्यार्थ्याने धक्काबुक्की केली’ या वाक्यात किती जण, कोणी, कुठे, हात लावला की दप्तर ओढलं, सगळं बुडालं. मुलगा म्हणाला होता: ‘त्याने माझं दप्तर मागून ओढलं, मी दोन पायऱ्या खाली गेलो आणि कठड्याला कोपर लागलं.’ लिहायचं ते हे.

हकीकतीच्या उजवीकडे बारीकसा उभा रकाना ठेवावा, मथळा ‘कसं कळलं’. प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर: पा (स्वतः पाहिलं), ऐ (स्वतः ऐकलं), सां (दुसऱ्याने सांगितलं, कोणी ते लिहा), अं (अंदाज). वडिलांची सगळी वाक्यं ‘सां, मुलाने’ निघतात, एक सोडून: ‘कोपरावर खरचटलेलं होतं’, ते ‘पा’. ‘शिक्षकांना आधीपासून माहीत होतं’ हे खोदल्यावर ‘अं’ निघालं; मुलाने शिक्षकांना सांगितलं होतं एवढंच नक्की. याचा उपयोग वडिलांना पकडण्यासाठी नाही. चौकशी करणाऱ्याने आधी कोणाशी बोलायचं, हे या एका रकान्यावरून ठरतं.

मूल स्वतः बोलत असेल तर आणखी एक सवय लागते: विचारलेला प्रश्नही लिहायचा. ‘त्याने तुला ढकललं का?’ याला मूल सहज ‘हो’ म्हणतं. ‘मग काय झालं?’ याला ते आपलं सांगतं. प्रश्न लिहिलेला नसेल तर ‘ढकललं’ हा शब्द मुलाचा की मोठ्यांचा, हे पुढे कळत नाही. आणि फॉर्म घेणाऱ्याने चौकशीला बसू नये. काय, कुठे, कधी, कोण, एवढं मिळालं की थांबावं. चार टेबलांवर चार वेळा तेच सांगावं लागलं की मूल थकतं, शब्द बदलत जातात, आणि त्या बदललेल्या शब्दांनाच पुढे विसंगती म्हटलं जातं. मारहाण किंवा लैंगिक त्रासाचा संशय असेल, तर उरलेला फॉर्म बाजूला ठेवून लगेच बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना कळवायचं.

‘दोघं पुन्हा समोरासमोर कधी येणार?’

धोका किती, हे मोजायला फॉर्मवर साधारणपणे ‘कमी / मध्यम / जास्त’ असतं. कार्यालयातला माणूस ‘मध्यम’वर खूण करतो आणि पुढे जातो. त्याऐवजी वर लिहिलेला प्रश्न विचारावा आणि उत्तरात दिवस, वेळ आणि जागा घ्यावी.

आपल्या प्रकरणात उत्तर होतं: शनिवारी १४ तारखेला सकाळी साडेसातला, मैदानावर, खेळाच्या सरावाला. म्हणजे फोन ठेवल्यानंतर पंधरा तासही नव्हते. सोमवारी फॉर्म कितीही सुंदर भरला असता, तरी हे निसटलं होतंच. म्हणून फोनसाठी मोठ्या फॉर्मचं आखूड भावंड टेबलावर असावं, पाच रकान्यांची चिठ्ठी: फोन आल्याची वेळ, कोण बोलतंय, कोणाला त्रास, दोघं पुन्हा कधी समोर येणार, आणि लगेच जपायला हवं असं काय आहे. पाच मिनिटांत भरते. ती पुढे मोठ्या फॉर्मला टाचायची. नवा फॉर्म भरला म्हणून फाडायची नाही, कारण तक्रार पोहोचल्याची वेळ तिच्यावरच आहे.

नोकरीच्या ठिकाणी हाच प्रश्न शिफ्टबद्दल, एकाच गाडीतल्या प्रवासाबद्दल, रात्रीच्या कामाबद्दल होतो. शेजारी ‘तोवर काय केलं’ असा रकाना ठेवावा. मात्र वेगळं करायचं म्हणून तक्रार करणाऱ्यालाच हलवलं जातंय का, हे दिसावं यासाठी ‘बदल कोणाच्या वेळापत्रकात केला’ हेही लिहून घ्यावं. नाहीतर सरावाला जाणं बंद होतं ते सहावीतल्या मुलाचं.

काय पुसलं जाईल

‘पुरावा जोडला आहे का: होय / नाही’ हा रकाना जवळजवळ निरुपयोगी आहे. तक्रारदाराकडे बहुधा काही नसतं. जे असतं ते संस्थेकडेच असतं, आणि ते आपोआप नाहीसं होत असतं. म्हणून चार उपरकाने: काय आहे, कोणाच्या ताब्यात आहे, कधीपर्यंत टिकेल, जपायला कोणाला आणि कधी सांगितलं.

जिन्याच्या तोंडाशी कॅमेरा आहे. समजा त्याचं चित्रण पंधरा दिवस राहतं आणि मग त्यावर नवं चित्रण चढतं. ३ तारखेचं चित्रण मग १८ला जातं. शुक्रवारी हातात पाच दिवस होते, सोमवारी दोनच उरले. ‘मागच्या आठवड्यात कधीतरी’ एवढंच लिहिलेलं असतं, तर तासन्‌तास चित्रण चाळण्याइतकी सवड कोणालाच मिळाली नसती. ‘३ तारीख, मधल्या सुट्टीनंतर, तिसऱ्या मजल्याचा जिना’ म्हटलं की वीस मिनिटांचा तुकडा वेगळा काढून ठेवता येतो. आपल्या यंत्राची मुदत किती आहे, हे तक्रार येण्याआधीच विचारून फॉर्मवर छापून ठेवावं.

आपोआप पुसले जाणारे चॅटमधले संदेश, फाटकावरची वही, बदललेलं हजेरीपत्रक, खरचटल्याची खूण, सगळ्यांची हीच गत. संदेशाची प्रत घेताना पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि आधीच्या दोन-चार ओळी दिसायला हव्यात. एकुलत्या वाक्याच्या छायाचित्रावर पुढे कोणी भरवसा ठेवत नाही. तक्रारदाराचा फोन मात्र ताब्यात घेऊ नये. त्याच्यासमोर प्रत घ्यावी आणि ‘प्रत घेतली, मूळ तक्रारदाराकडे’ असा शेरा मारावा.

आधी कोणाला सांगितलं, आणि काय हवंय

आधीच्या सांगण्याला साधा तक्ता पुरे: कोणाला, कधी, कसं (तोंडी की लेखी), आणि ते काय म्हणाले. आपल्या मुलाने ४ तारखेला वर्गशिक्षकांना तोंडी सांगितलं होतं आणि ‘बघतो’ असं उत्तर मिळालं होतं. ही ओळ वर्गशिक्षकांनाही न्याय देते. त्यांनी काही केलं असेल तर तपासायला तारीख मिळाली.

‘आपली अपेक्षा काय?’ हे विचारायला कार्यालयं कचरतात, आपण कबूल केल्यासारखं होईल म्हणून. खाली छापावं: ‘ही अपेक्षा नोंदवली आहे, मान्य केलेली नाही.’ पण विचारावंच. पुष्कळदा माणसाला शिक्षा नको असते. जिन्यावर सुट्टीत कोणी मोठं उभं राहावं एवढंच हवं असतं, आणि ते सोमवारीच करता येतं.

गुप्ततेसाठी ‘तक्रार गुप्त ठेवावी’ अशी एक चौकट ठेवणं म्हणजे न पाळता येणारं वचन देणं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला उत्तर द्यायची संधी द्यायची, तर काहीतरी सांगावं लागतंच. त्यापेक्षा विचारावं: नाव कोणाकोणाला कळलेलं चालेल? आणि मर्यादा स्पष्ट छापाव्यात: कोणाच्या सुरक्षेला धोका असेल तर संबंधितांना कळवलं जाईल. निनावी तक्रार आली तर नावाचा रकाना कोरा ठेवून क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक सांगून पुन्हा विचारपूस करता येईल अशी सोय ठेवावी.

जे विचारू नये

धर्म, वैवाहिक स्थिती, ओळखपत्राचा क्रमांक, पालकांचं उत्पन्न यांतलं काही तक्रार समजून घ्यायला लागत नाही. भेदभावाचीच तक्रार असेल तर ते हकीकतीत येतंच. ‘उशीर का केला?’ असा रकाना नको; चार तारखांनी तो अंतराचा हिशोब आधीच दिलाय. फॉर्मच्या डोक्यावर ‘खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल’ हे ठळक अक्षरांत छापलं की खोट्या तक्रारी थांबतात असं काही नाही, घाबरणारी माणसं मात्र नक्की परत फिरतात. तक्रारीचा प्रकारही तक्रारदाराकडून भरून घेऊ नये. ‘छळ’ की ‘शिस्तभंग’ की ‘गैरसमज’, हे त्याने का ठरवावं? ते कार्यालयाचं काम, आणि तेही वेगळ्या पानावर.

हे वेगळं पान खरोखर सुटं असावं, फॉर्मच्या मागच्या बाजूला नव्हे. प्रकार, कोणाकडे दिली, मुदत, जपायच्या सूचना, फॉर्म घेणाऱ्याचं नाव आणि पद, हे त्यावर. तक्रारदाराला पहिल्या भागाची प्रत मिळते, आणि पुढे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही त्यातला काही भाग दाखवावा लागू शकतो. ‘हे पालक नेहमीचेच’ असा पेन्सिलीतला शेरा त्या प्रतीत गेला, की उरलेल्या चौकशीवर कोणी विश्वास ठेवत नाही. खरं तर तो कुठल्याच पानावर नको.

सहीच्या वर एक वाक्य छापलेलं हवं: ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितलं ते असंच आहे.’ वाचून दाखवताना दुरुस्ती निघतेच. चुकलेला शब्द एका रेघेने असा कापावा की तो वाचता येईल, शेजारी आद्याक्षरं घ्यावीत. पांढरा रंग लावू नये. दोन दिवसांनी आणखी काही आठवलं तर जुन्या फॉर्ममध्ये घुसवू नये, त्याच क्रमांकाखाली तारखेसह पुरवणी जोडावी. पोचपावतीवर क्रमांक, पोहोचल्याची तारीख-वेळ, पुढचा निरोप कोणाकडून आणि कोणत्या तारखेपर्यंत येईल, इतकं असलं की पुरे. तक्रारीचा विषय पावतीवर नको, ती खिशातून कुठेही पडते.

नवा फॉर्म छापण्याआधी

निकाली निघालेल्या पाच जुन्या तक्रारी घ्याव्यात, नावं झाकावीत, आणि ज्याने त्या पाहिल्याच नाहीत अशा सहकाऱ्याला त्या नव्या फॉर्मवर भरायला द्याव्यात. एका फॉर्मला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तर रकाने जास्त झालेत. पाचही फॉर्मवर कोरा राहिलेला रकाना काढून टाकण्याजोगा आहे का ते पाहावं. ‘पुन्हा समोरासमोर’ आणि ‘कधीपर्यंत टिकेल’ हे दोन मात्र कोरे दिसले तरी काढू नयेत. जुन्या कागदांत त्यांची उत्तरं नसतील, कारण तेव्हा ती कोणी विचारलीच नव्हती.